मुंबई विमानतळावर मध्यरात्रीनंतर उतरल्यावर सीएसएमटीला कसे पोहोचावे?

शाहूपुरी_मीनल
नमस्कार. माझी धाकटी बहीण मस्कतहून पहिल्यांदाच एकटी परत येत आहे. तिचे विमान गुरुवारी मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे शुक्रवारी पहाटे १२.५५ वाजता, मुंबईच्या टर्मिनल २ वर उतरेल. शुक्रवारी सकाळच्या कोयना एक्स्प्रेसचे कोल्हापूरचे तिकीट तिच्याकडे आहे आणि ती गाडी सीएसएमटीहून पावणेनऊच्या सुमारास सुटते. पासपोर्ट तपासणी आणि सामान आटोपून बाहेर पडायला दोन वाजतील, असा आमचा अंदाज आहे. तिच्याजवळ दोन मोठ्या बॅगा आहेत. वय चोवीस, मुंबईची माहिती जवळजवळ नाही. रात्री दोन वाजता टॅक्सीने सीएसएमटीला जावे, रिक्षा करावी की आणखी काही मार्ग आहे? खर्च कमी व्हावा अशी इच्छा आहे, पण सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये. आई तर आत्तापासूनच झोपेनाशी झाली आहे. ज्यांनी हा प्रवास प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उचगावकर
ताई, काळजीचे काहीच कारण नाही. उजळाईवाडीहून शहर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर आहे. महामार्गावर आले की तावडे हॉटेलचा चौक आणि तिथून कावळा नाका. विमानतळाच्या दारात रिक्षा मिळाली नाही तर घरच्या कोणाला तरी दुचाकीवर पाठवा, पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. बॅगा असल्या तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आमच्याकडे सगळे तसेच करतात.

शाहूपुरी_मीनल
काका, मनापासून आभार, परंतु प्रश्न आपल्या विमानतळाचा नसून मुंबईचा आहे. मथळ्यात लिहिले आहे.

उचगावकर
माझ्या वाचण्यात चूक झाली. मुंबईचे मला काही ठाऊक नाही, जाणकार सांगतीलच. वाचत राहतो, कारण माझा मुलगाही पुढच्या वर्षी बाहेर जायचे म्हणतो आहे.

गंगावेस_प्रसाद
सरळ रिक्षा करा. विमानतळाबाहेर रिक्षा मिळतात, टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतात आणि उघड्या असल्यामुळे मला तरी त्या अधिक सुरक्षित वाटतात. मी दोन वेळा रात्री एक वाजता उतरून रिक्षाने अंधेरीला मावशीकडे गेलो आहे, काहीही त्रास झाला नाही. तशीच रिक्षा पुढे दादर किंवा सीएसएमटीपर्यंत न्यावी.

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
प्रसादराव, अंधेरीपर्यंतचे आपले म्हणणे बरोबर आहे, पुढचे नाही. मुंबईत रिक्षांना उपनगरांतच परवानगी आहे. पश्चिमेकडे माहीम आणि मध्य बाजूला शीव, याच्या पलीकडे शहरात रिक्षा जात नाही. रात्री दोन वाजता कोणी रिक्षावाला "चला, दादरला सोडतो" म्हणाला तर तो वाटेत कुठेतरी उतरवून "इथून टॅक्सी घ्या" म्हणणार हे समजून घ्यावे, आणि दोन बॅगांसह अनोळखी रस्त्यावर उभे राहणे हीच मीनलताईंच्या बहिणीची सर्वांत वाईट अवस्था ठरेल. मी अठरा वर्षे मुंबईत आहे आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना या विमानतळावर घ्यायला-सोडायला वर्षातून आठ-दहा वेळा तरी जातो. सविस्तर उत्तर थोड्या वेळाने लिहितो.

राजारामपुरी_८वी_गल्ली
आम्ही एकदा विमानतळाच्या आतल्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरून पावती घेतली होती. चालकाने गाडी सुरू करतानाच पावती मागून घेतली. वडिलांनी ती विश्वासाने दिली. उतरताना तो म्हणाला की सामानाचे वेगळे आणि परतीचेही काही द्यावे लागतील. पावती त्याच्याच खिशात असल्यामुळे किती पैसे भरले होते आणि त्यात काय काय धरले होते, हे दाखवायला आमच्याकडे काही उरले नव्हते. रात्री अडीच वाजता वाद नको म्हणून वडिलांनी तीनशे रुपये दिले. प्रीपेड म्हणजे निश्चिंत, असे मी तरी मानत नाही.

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
राजारामपुरीकरांचा अनुभव वाचून वाईट वाटले. चूक प्रीपेडची नव्हे, पावती आधी देण्याची होती. ती पावती म्हणजेच चालकाचे पैसे. ती दाखवून त्याला खिडकीवरून पैसे मिळतात, म्हणून तो ती आधी मागतो. गाडीत बसताना क्रमांक जुळवण्यापुरती ती दाखवावी, हातात देऊ नये आणि मुक्कामी सामान उतरून झाल्यावरच द्यावी. त्याआधी भ्रमणध्वनीवर पावतीचे छायाचित्र काढून घरी पाठवावे. सामानाचे पैसे लागू असतील तर ते पावतीवरच लिहिलेले असतात. तिथे लिहिलेले नसेल ते देण्याचे कारण नाही.

आता खर्चाचा हिशेब. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात दोन्हींना सव्वापट भाडे लागते. टर्मिनल २ ते सीएसएमटी हे अंतर साधारण २४ किलोमीटर धरा. पहिले दीड सोडले तर उरतात साडेबावीस, त्यांचे ४६५ रुपये, त्यात ३१ मिळवले की ४९६, आणि त्याचे सव्वापट म्हणजे ६२० रुपये. प्रीपेडच्या खिडकीवर याहून काहीसे जास्त लागतात, पण मीटरवरून होणारी भानगड टळते. कोणी बाहेर "पंधराशेत सोडतो" म्हणाला तर तो दुपटीहून जास्त मागतो आहे हे या आकड्यावरून लगेच कळेल.

टोळभैरव ओळखण्याची खूण सोपी आहे. अधिकृत टॅक्सी असो वा ॲपवरची गाडी, भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी असते आणि अक्षरे काळी; विजेवर चालणारी गाडी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने नेण्याचा परवाना कोणाकडेही नसतो. "गाडी पार्किंगमध्ये आहे, माझ्या मागे या" असे म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये, मग तो कितीही सभ्य दिसो.

मिरजकर_तिकटी
मीटरबद्दल एक पुरवणी. रात्रीचे सव्वापट मीटर स्वतः दाखवतो की चालक वरून लावतो, यावर माझा एकदा वाद झाला होता. मीटरवर ४१० दिसत होते आणि तो ५१० मागत होता. नंतर मनात आले की मीटर जर आधीच रात्रीच्या दराने चालत असेल तर मी सव्वापटीचे सव्वापट दिले. याचा उलगडा कसा करावा?

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
फार चांगला प्रश्न विचारलात. बसल्याबरोबर पहिला आकडा पाहावा. टॅक्सीत ३१ दिसले तर मीटर दिवसाच्या दरावर आहे आणि शेवटी पाव भाग वाढवून देणे योग्य. ३९च्या आसपास दिसले तर सव्वापट त्यात आलेच, पुन्हा द्यायचे नाही. रिक्षात हेच आकडे २६ आणि ३२-३३ असे दिसतील. मीटर पळवला जात आहे का हे पाहायचे असेल तर नकाशा उघडा ठेवून दोन किलोमीटर मोजावेत. दिवसाच्या दराने किलोमीटरमागे एकवीस रुपयांच्या आसपास आणि रात्रीच्या दराने सव्वीसच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. पस्तीस-चाळीस दिसत असतील तर पुढच्या उजेडाच्या चौकात, जिथे माणसे आहेत तिथे, उतरावे.

मिरजकर_तिकटी
त्या रात्रीचा पहिला आकडा मी पाहिलाच नव्हता. आता निदान कळले.

कसबा_बावडा_सुनीता
मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. आखातात नऊ वर्षे नोकरी केली आणि हा प्रवास एकटीने किती वेळा केला याची गणती नाही. मीनल, तुझ्या बहिणीला एवढेच सांग की रात्री दोन वाजता तिने विमानतळ सोडूच नये. सीएसएमटीला अडीच-पावणेतीनला पोहोचून ती काय करणार आहे? गाडी पावणेनऊची. म्हणजे सहा तास फलाटावर, तेही दोन बॅगांसह. स्वच्छतागृहात जायचे झाले तरी सामान कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न. त्यापेक्षा विमानतळावर उजेड आहे, सुरक्षारक्षक आहेत, स्वच्छतागृह आहे, पाणी आहे. सामान घेतल्यावर, बाहेरच्या दारातून पडण्याआधी, बसायला जागा असते. तिथे भिंतीला पाठ लावून बसावे, बॅगेचा पट्टा पायात अडकवावा आणि उजाडण्याची वाट पाहावी. एकदा दाराबाहेर पडले की पुन्हा आत घेत नाहीत, हे मात्र पक्के लक्षात ठेवायचे. मी असे कितीतरी वेळा केले आहे आणि सहाशे रुपयेही वाचवले आहेत.

फुलेवाडी_अमित
ताई, मला मात्र एकदा तासाभराने सुरक्षारक्षकाने "बाहेर जाऊन थांबा" असे सांगितले होते. त्यामुळे आत बसता येईलच असे गृहीत धरू नये.

कसबा_बावडा_सुनीता
अमित, पुरुषांना आणि महिलांना वेगळी वागणूक मिळते की त्या दिवशी गर्दी होती, हे मला सांगता येणार नाही. मला कोणी उठवले नाही. पुढच्या गाडीचे तिकीट दाखवून "सकाळी इतक्या वाजता गाडी आहे, तोपर्यंत बसते" असे आधीच सांगितले की माणसे समजून घेतात, एवढे मी अनुभवाने म्हणते. बाहेर पडावे लागलेच तरी आगमनाच्या दारासमोर स्वागताला आलेल्या लोकांची रात्रभर वर्दळ असते. तिथेच, दाराच्या उजेडात थांबावे. रस्त्यापर्यंत जाऊ नये.

गंगावेस_प्रसाद
माझी माहिती अर्धवट होती हे मान्य. पण मग पहाटे चारला निघून लोकल धरली तर? अंधेरीपर्यंत रिक्षा आणि पुढे रेल्वे, हे तर सर्वांत स्वस्त पडेल.

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
होय, आणि हा मार्ग चांगला आहे. टर्मिनल २ ते अंधेरी स्थानक साधारण पाच किलोमीटर. रिक्षाचा हिशेब वरच्यासारखाच केला तर दिवसाचे ८६ आणि पाचच्या आत निघाल्यास रात्रीचे १०७-१०८ रुपये होतात. अंधेरीहून हार्बर मार्गाची गाडी थेट सीएसएमटीला जाते, म्हणजे दादरचा पूल बॅगांसह चढावा लागत नाही. पहाटेच्या गाड्यांत जागा असते आणि रात्रीच्या वेळी महिलांच्या डब्यात पोलीस शिपाई नेमलेला असतो.

तरीही मीनलताईंच्या बहिणीसाठी मी हा मार्ग पहिला सुचवणार नाही, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तिचे एक स्थानक टर्मिनल २ ला आहे आणि एक सीएसएमटीला. बदलायचे कुठेच नाही. विमानतळाकडून आत शिरले की सरकते जिने, उद्वाहक, पोलीस आणि कॅमेरे आहेत. भाडे पूर्ण मार्गाचे जास्तीत जास्त ७० रुपये आहे, त्यामुळे टर्मिनल २ ते सीएसएमटीला त्याहून जास्त लागणार नाही. अडचण एकच, ती रात्री चालत नाही. शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते आणि पहिली सकाळी सहाच्या जरा आधी. रविवारी पहिली गाडी आणखी उशिरा असते. तुमचा वार शुक्रवार आहे, त्यामुळे अडचण नाही. साडेपाचला दारातून निघून सहाच्या आसपासची गाडी धरली तर सातच्या आत सीएसएमटी, आणि कोयनेला अजून पावणेदोन तास शिल्लक.

दादरला उतरण्याचा मोह टाळावा. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेकडे आहे आणि कोयना मध्य रेल्वेच्या फलाटावर येते, म्हणजे बॅगांसह बरेच चालावे लागते. सीएसएमटीहून गाडी सुटते, त्यामुळे सामान आरामात लावायला वेळ मिळतो.

शाहूपुरी_मीनल
हा मार्ग आमच्या ध्यानीमनीही नव्हता. आईला आत्ताच वाचून दाखवले. एक शंका. बहिणीकडे ओमानचे सिम आहे. मेट्रोचे तिकीट किंवा गरज पडल्यास ॲपवरची टॅक्सी घेताना अडचण येईल का?

रंकाळा_संध्याकाळ
हो, येईल, आणि या बाबीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मागच्या दिवाळीत माझ्या भावाचे भारतीय सिम दोन वर्षे रिचार्ज न केल्यामुळे बंद पडले होते. विमानतळाच्या वाय-फायला जोडायचे तर ओटीपी हवा, ॲपवर टॅक्सी बोलवायची तर ओटीपी हवा, पैसे पाठवायचे तर तेच. रात्री दीड वाजता पैसे देण्या-घेण्याचा एकही मार्ग त्याच्या हातात नव्हता. शेवटी शेजारच्या प्रवाशाने आपला फोन दिला. त्या रात्री त्याच्याजवळ भारतीय रोख रक्कम शंभर रुपयेही नव्हती, कारण सगळे ऑनलाइन होईल असे त्याने धरले होते. बहिणीचे जुने भारतीय सिम असेल तर आजच त्यावर रिचार्ज करून ते चालू आहे ना, हे संदेश पाठवून पाहावे. आणि हजार-दीड हजार रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत जवळ ठेवावेत.

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
अगदी योग्य सूचना. मेट्रोचे तिकीट खिडकीवर रोखीने मिळते, त्यासाठी फोन लागत नाही. फक्त भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून खाली उतरण्याआधी "आता मेट्रोत जाते आहे, सातपर्यंत फोन करते" असा संदेश पाठवावा. नाहीतर तासभर फोन लागला नाही म्हणून मीनलताईंची आई घाबरून जाईल.

पाचगाव_दीपक
मी मार्केटिंगच्या कामाने महिन्यातून दोनदा मुंबईला असतो. ॲपवरच्या टॅक्सीबद्दल एक लिहितो, कारण मेट्रो चुकली तर तोच पर्याय उरतो. गाडी येण्याची जागा बहुमजली वाहनतळात असते, तिथल्या पाट्या पाहून जावे लागते. चालक फोन करून "तुम्ही बुकिंग रद्द करा, मी तेवढ्याच पैशात रोखीने सोडतो" म्हणतो. रद्द केले की प्रवासाची नोंद राहत नाही, कोणत्या गाडीत बसलात हे घरच्यांना दिसत नाही आणि वाटेत भाडे वाढले तर तक्रार कुठे करणार? अशा वेळी बसू नये, पुढची गाडी बोलवावी. गाडीची पाटी आणि ॲपवरची पाटी सगळी अक्षरे वाचून जुळवावी, शेवटचे चार आकडे पुरेसे नाहीत. माझ्या सहकाऱ्याने तेवढेच पाहिले होते आणि तो दुसऱ्याच्याच गाडीत जाऊन बसला होता.

फुलेवाडी_अमित
माझ्या मते ६२० रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? नोकरी करणारी मुलगी आहे. प्रीपेड टॅक्सीने जावे आणि सीएसएमटीच्या वातानुकूलित प्रतीक्षालयात बसावे. थकव्यानंतर चार तास खुर्चीत बसणेही सोपे नसते.

कसबा_बावडा_सुनीता
पैशांचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, अमित. रात्री अडीचला टॅक्सीतून उतरल्यापासून प्रतीक्षालयाच्या दारापर्यंत दोन बॅगा ओढत एकटीने जायचे आहे, तो तुकडा मला खटकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर काय घडले ते आपल्याला आठवत असेल. पहाटेची वेळ, गावाला निघालेली मुलगी, आणि "तुमची बस तिकडे उभी आहे" असे सांगून तिला अंधारातल्या रिकाम्या बसकडे नेणारा माणूस. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलीला सांगते की गाडी कुठे उभी आहे हे अनोळखी माणसाकडून कळले तर पाऊल उचलू नये, गणवेशातल्या माणसाला किंवा चौकशीच्या खिडकीवर विचारावे. तीन वाजताच्या स्थानकात असे विचारायला माणूस शोधावा लागतो, सात वाजता शोधावा लागत नाही.

फुलेवाडी_अमित
हे पटले. थकवा मात्र खरा आहे, आई-वडील वयस्कर असतील तर मी तरी टॅक्सीच निवडेन.

कसबा_बावडा_सुनीता
वयस्कर माणसांच्या बाबतीत मीही तेच म्हणेन. त्यांना रात्रभर खुर्चीत बसवू नये.

शाहूपुरी_मीनल
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहीण काल रात्री सुखरूप घरी पोहोचली. सामान मिळून बाहेरच्या दाराजवळ यायला तिला दोन वाजून वीस मिनिटे झाली. दाराच्या आत खुर्चीत बसली. साडेतीनला रक्षकाने विचारले, तेव्हा तिने कोयनेचे तिकीट दाखवले आणि त्यांनी "बसा" म्हटले. बाहेर पडताना दोन माणसांनी टॅक्सीसाठी विचारले, तिने मान हलवली आणि चालत राहिली. मेट्रोच्या खिडकीवर रोखीने तिकीट काढले, खाली जाण्याआधी आईला संदेश केला आणि सातला दहा मिनिटे कमी असताना सीएसएमटीहून फोन केला. आईने तेव्हा पहिला चहा घेतला. एकच अडचण आली, मेट्रोतून सीएसएमटीच्या मुख्य इमारतीकडे जाणारा भुयारी मार्ग शोधताना ती चुकीच्या दारातून रस्त्यावर आली आणि बॅगांसह रस्ता ओलांडावा लागला. कोणते दार योग्य ते तिला सांगता येईना.

चेंबूरवासी_कोल्हापूरकर
फार बरे वाटले. पुढच्या वेळी मी तिकडे जाईन तेव्हा दाराचा क्रमांक पाहून येथे लिहितो.

उचगावकर
मीनलताई, मुलाला हा सगळा धागा छापून देणार आहे. एक विचारू का? त्याचे विमान रविवारी पहाटे असले तर, मेट्रो उशिरा सुरू होते म्हणता, मग कोयना गाठायला वेळ पुरेल की रिक्षाने अंधेरी आणि हार्बर हाच मार्ग बरा?